दर सोमवारी आकडे ‘पडलेले’ का दिसतात? लहान ब्रँडचा साप्ताहिक सारांश एक्स्पोर्टच्या फाइलींवरून कसा बांधायचा

प्रश्न: पुण्यातल्या एका घरगुती मसाले-लोणच्यांच्या ब्रँडचं इन्स्टाग्राम आणि यूट्यूब मी सांभाळते. दर सोमवारी मेटा बिझनेस सूटमधून गेल्या दोन आठवड्यांच्या फाइली काढते, लाइक, कमेंट, सेव्ह, शेअरची बेरीज करते आणि मालकीणबाईंना पाठवते. जवळजवळ प्रत्येक वेळी चालू आठवडा मागच्यापेक्षा खालीच दिसतो. ताई विचारतात, ‘ऑर्डरी तर येतायत, मग हे पडतंय कसं?’ माझ्याकडे उत्तर नाही. सारांश नेमका कसा करायचा?

उत्तर:

ताईंची शंका रास्त आहे. तुम्ही काल घातलेलं लोणचं आणि मुरलेलं लोणचं शेजारी ठेवून चव बघताय.

मेटा बिझनेस सूटच्या `Insights` मधल्या `Content` विभागातून फाइल काढताना तुम्ही जी तारीख निवडता, ती पोस्ट कधी टाकली याची असते. प्रतिसाद कधी आला याची ती नसते. फाइलीत `Date` नावाचा एक रकाना असतो आणि त्यात प्रत्येक ओळीवर `Lifetime` असं लिहिलेलं असतं. बहुतेक जण तो रकाना निरुपयोगी समजून काढून टाकतात, पण सगळी गोम तिथेच आहे. पोस्ट टाकल्यापासून फाइल काढेपर्यंत जमलेला एकूण आकडा म्हणजे `Lifetime`. सोमवारी सकाळी तुम्ही दोन आठवड्यांच्या फाइली काढता, तेव्हा चालू आठवड्यातल्या पोस्टना एक ते सात दिवस मिळालेले असतात आणि मागच्या आठवड्यातल्या पोस्टना आठ ते चौदा. फोटोला याने फारसा फरक पडत नाही, कारण त्याचा बराचसा प्रतिसाद पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो. रील मात्र दहाव्या दिवशीसुद्धा नव्या लोकांपुढे जात असतं. तुमच्याकडे रील चालत असतील, तर चालू आठवडा खाली दिसणारच, आणि रील जितकी चांगली तितका तो जास्त खाली दिसेल.

ही चूक मी स्वतः बरेच महिने केली आहे. कपड्यांच्या एका लहान ब्रँडसाठी मी अशीच तुलना पाठवत राहिले आणि त्या आकड्यांवर विश्वास ठेवून मालकांनी रील बंद केली. रील पहिल्या आठवड्यात मंद आणि दुसऱ्यात जोरात चालत होती, पण माझ्या कागदावर दुसरा आठवडा कधी येतच नव्हता. त्यांच्या हंगामाचं जे नुकसान झालं ते माझ्या बेरजेमुळे झालं. म्हणून पुढचं सगळं जरा तपशिलात लिहिते.

दर सोमवारची एक फाइल, आणि तिला हात लावायचा नाही

उपाय असा की दर सोमवारी ठरलेल्या वेळी, समजा सकाळी दहाला, मागच्या 28 दिवसांत टाकलेल्या सगळ्या पोस्टची एकच फाइल काढायची. 9 जून 2025 हा सोमवार घेतला, तर 12 मे ते 8 जून. त्याआधीच्या सोमवारी, 2 जूनला, 5 मे ते 1 जून. फाइलीचं नाव `IG_2025-06-09.csv` असं तारखेनं ठेवायचं आणि मूळ फाइल कधीही उघडून सेव्ह करायची नाही. ती त्या सकाळी काढलेला हजेरीपट आहे. आज काढली नाही तर नंतर मिळत नाही, कारण मेटा पुढच्या आठवड्यात तुम्हाला त्या दिवसाचाच आकडा देईल, आजचा नाही.

मग प्रत्येक पोस्टसाठी आजच्या फाइलीतल्या आकड्यातून मागच्या सोमवारचा आकडा वजा करायचा. उरतं ते या आठवड्यात त्या पोस्टवर खरोखर काय घडलं ते. पोस्ट कधीची आहे याला महत्त्व राहत नाही. नव्या पोस्टचा मागचा आकडा शून्य धरायचा. सगळ्या वजाबाक्यांची बेरीज म्हणजे आठवड्याचा प्रतिसाद.

तुमच्या ब्रँडसारखं एक उदाहरण करून बघू. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. 28 मे रोजी कैरीच्या लोणच्याचं रील टाकलं. 2 जूनच्या फाइलीत त्याला 180 लाइक, 22 कमेंट, 140 सेव्ह आणि 60 शेअर होते, एकूण 402. 9 जूनच्या फाइलीत तेच आकडे 390, 41, 410 आणि 190 झाले, एकूण 1,031. म्हणजे या एका आठवड्यात त्या रीलनं 629 कमावले, पहिल्या पाच दिवसांपेक्षा जास्त. 30 मेचा एक फोटो 88 वरून 110 वर गेला. 2 ते 8 जून या आठवड्यात तीन नव्या पोस्ट पडल्या: मंगळवारची स्लाइडची पोस्ट 145, गुरुवारचं दुसरं रील 195, रविवारचा बरण्यांचा फोटो 72. त्यांची बेरीज 412.

तुमच्या आत्ताच्या पद्धतीनं हा आठवडा 412 आणि मागचा 1,031 अधिक 110, म्हणजे 1,141. ताईंना संदेश जाईल की प्रतिसाद 64 टक्क्यांनी घसरला.

आता वजाबाकीनं बघा. या आठवड्यात रीलचे 629, जुन्या फोटोचे 22, नव्या तिघांचे 412 आणि मे महिन्यातल्या त्याहून जुन्या पोस्टवर आलेले किरकोळ 37. एकूण 1,100. मागच्या आठवड्याचा आकडा काढायला 26 मेची फाइलही लागते. तिच्याशी तुलना केल्यावर रीलचे 402, फोटोचे 88 आणि जुन्या पोस्टचे 310, असे 800 निघाले. म्हणजे 800 वरून 1,100. फाइली त्याच, पोस्ट त्याच, निष्कर्ष उलटा. ताईंना ऑर्डरी वाढताना दिसत होत्या आणि तुमचा कागद त्यांना खोटं पाडत होता.

जुळणी करताना काय बिघडतं

दोन फाइलींतली तीच पोस्ट ओळखायला `Post ID` वापरावंसं वाटतं. वापरू नका. इन्स्टाग्रामचा हा क्रमांक साधारण सतरा आकडी असतो आणि एक्सेल काय, गूगल शीट्स काय, संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक ठेवतात. पुढचे अंक शून्य होतात. रकाना रुंद केल्यावर सगळे क्रमांक शून्यांवर संपताना दिसले, तर हे घडलेलं आहे असं समजा. सुटका सोपी आहे. `Permalink` म्हणजे पोस्टची लिंक हीच ओळख धरा. ती मजकूर असल्यामुळे बिघडत नाही.

फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठी कॅप्शनच्या जागी `à¤®` अशी अगम्य अक्षरं दिसू शकतात. कॅप्शन खराब झालेलं नसतं, एक्सेलनं अक्षरसंच चुकीचा धरलेला असतो. `Data` मधल्या `From Text/CSV` नं आत घेऊन `65001: Unicode (UTF-8)` निवडलं की मराठी नीट येतं. मी सरळ गूगल शीट्समध्ये आयात करते, तिथे हा त्रास होत नाही.

तारखांचा त्रास मात्र दोन्हीकडे होतो, आणि तो जास्त घातक आहे, कारण दिसत नाही. `Publish time` मध्ये आधी महिना आणि मग दिवस असतो. तुमच्या शीटची मांडणी भारतीय असेल, तर 8 जूनची `06/08/2025` ही तारीख 6 ऑगस्ट म्हणून वाचली जाते. 28 मेची `05/28/2025` मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, कारण अठ्ठाविसावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून राहते. ओळखायची खूण अशी: रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या की घोळ झालेला आहे. फाइल आत घेण्याआधी शीटच्या `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` म्हणून `United States` ठेवा, प्रश्न मिटतो.

आणि वेळ. फाइलीतली वेळ भारतीय असेलच असं धरू नका. मला ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत मिळालेली आहे, म्हणजे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. सोमवारी सकाळी नऊला टाकलेली पोस्ट अशा फाइलीत रविवारी रात्री साडेआठची दिसते आणि मागच्या आठवड्यात जाऊन बसते. तुम्हाला नक्की वेळ आठवते अशी एक पोस्ट शोधा, फाइलीतली वेळ बघा, फरक असेल तर तेवढे तास मिळवा. हे एकदाच करून भागत नाही, कारण मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात.

गूगल शीट्समध्ये मी आजची फाइल `now` आणि मागच्या सोमवारची `prev` नावाच्या पानावर ठेवते. तिसऱ्या पानावर पहिल्या रकान्यात आजच्या फाइलीतल्या लिंका आणि वरच्या ओळीत `Likes`, `Comments`, `Saves`, `Shares` ही नावं फाइलीत आहेत तशीच. `B2` मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे आणि खाली ओढायचं:

```
=INDEX(now!$A:$Z, MATCH($A2, now!$H:$H, 0), MATCH(B$1, now!$1:$1, 0))
 - IFERROR(INDEX(prev!$A:$Z, MATCH($A2, prev!$H:$H, 0), MATCH(B$1, prev!$1:$1, 0)), 0)
```

यात `H` हा लिंकचा रकाना आहे. तुमच्या फाइलीत तो दुसरा असेल तर तेवढं अक्षर बदला. रकान्याचा क्रमांक न देता नाव शोधायला लावलं आहे, कारण मेटा मध्येच एखादा रकाना घालतं आणि पुढचे सगळे एक घर सरकतात. क्रमांकावर बांधलेलं सूत्र मग गुपचूप शेअरच्या जागी शेजारचाच भलता रकाना मोजायला लागतं.

या सूत्रात एक धोका मी जाणून ठेवलेला आहे, तो तुम्हीही जाणून घ्या. शेवटचा `IFERROR` मागच्या फाइलीत पोस्ट सापडली नाही की शून्य धरतो. नव्या पोस्टसाठी ते बरोबरच आहे. पण मागच्या फाइलीत रकान्याचं नावच वेगळं असेल, तरीही तो शून्यच धरेल आणि महिन्याभराच्या सगळ्या पोस्टचा आजवरचा पूर्ण आकडा ‘या आठवड्यातला’ म्हणून दाखवेल. हे काल्पनिक नाही. इन्स्टाग्रामनं 2024 मध्ये `Views` हा मुख्य आकडा केला आणि आधीचे `Impressions`, `Plays` मागे पडले. अशी नावं बदलली की गणित एका रात्रीत फुगू शकतं. म्हणून सोमवारी पहिलं काम म्हणजे दोन्ही फाइलींच्या पहिल्या ओळी एकाखाली एक ठेवून वाचणं. दुसरी खूण: मागच्या सोमवारच्या आधीची एखादी पोस्ट असेल आणि तिची वजाबाकी तिच्या एकूण आकड्याइतकीच निघत असेल, तर जुळणी तुटलेली आहे.

कधीकधी वजाबाकी उणे येते. कुणी लाइक काढून घेतला किंवा इन्स्टाग्रामनं बनावट खाती उडवली की असं होतं. उणे एक-दोन तसंच राहू द्या. मोठा आकडा उणे आला तर फाइलींची अदलाबदल झाली आहे का ते बघा.

एखादा सोमवार चुकला आणि फाइल मंगळवारी काढली तर तो आठवडा आठ दिवसांचा झाला, हे सारांशात लिहा. अख्खा आठवडा चुकला तर दोन आठवड्यांचा एकत्र आकडा द्या. त्याचे अंदाजानं दोन भाग करू नका.

रीच आणि कमेंट

सूत्राच्या वरच्या ओळीत मी `Reach` मुद्दामच घेतला नाही. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांनी पोस्ट पाहिली. ताईंची एक नेहमीची गिऱ्हाईक मंगळवारची स्लाइड, गुरुवारचं रील आणि रविवारचा फोटो तिन्ही बघते. प्रत्येक पोस्टच्या रीचमध्ये ती एकदा मोजली जाते, बेरीज केली की ती तीन बायका होते. लहान ब्रँडचे फॉलोअर मोजकेच असतात आणि तेच पुन्हापुन्हा बघतात, त्यामुळे तुमच्याकडे ही फुगवटी मोठ्या ब्रँडपेक्षा जास्त असते. आठवड्याचा रीच हवा असेल, तर `Insights` मध्ये सोमवार ते रविवार निवडून तिथे दिसणारा अकाउंटचा आकडा घ्या. सात दिवसांचे सात आकडेही मिळवू नका, त्यातही तीच बाई सात वेळा येते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामचा रीच एकत्र करण्यालाही हेच लागू आहे.

एका पोस्टपुरता रीच मात्र फार उपयोगी आहे, आणि तो मी पुढे वापरते.

कमेंटचा आकडा बघताना एवढं लक्षात ठेवा की त्यात ताईंनी दिलेली उत्तरंही धरलेली असतात. ताई मनापासून प्रत्येकीला उत्तर देत असतील, तर निम्म्या कमेंट त्यांच्याच असू शकतात. लोणच्याच्या रीलच्या 41 कमेंटपैकी 18 त्यांच्या असतील, तर लोकांच्या 23. फाइलीत हे वेगळं मिळत नाही. मी आठवड्यातल्या सर्वांत जास्त कमेंटच्या दोन पोस्ट उघडून हातानं मोजते आणि तेवढ्याच वाचते. दहा मिनिटं जातात, पण सारांशातलं सर्वांत कामाचं वाक्य बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पोस्ट चांगली की नाही, हे एक आठवडा थांबून

वजाबाकी सांगते की आठवडा कसा गेला. कोणती पोस्ट चालली हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी पोस्ट मुरू द्यावी लागते. मी कुठल्याही पोस्टवर मत देते ते तिच्या दुसऱ्या सोमवारी, ती आठ ते चौदा दिवसांची असताना. 9 जूनच्या सारांशात 26 मे ते 1 जूनच्या पोस्टवर मत येईल. 2 ते 8 जूनच्या पोस्टची फक्त नोंद होईल. रविवारचा बरण्यांचा फोटो एक दिवसाचा आहे, त्याच्या चार सेव्हवरून ‘फोटो चालत नाहीत’ असं लिहिणं अन्याय आहे.

मुरलेल्या पोस्टसाठी मी दर शंभर रीचमागे सेव्ह किती हे बघते. मसाल्याच्या ब्रँडला लाइकपेक्षा सेव्ह जास्त बोलका, कारण कृती जपून ठेवणारी बाई ती करून बघणार असते. भेटवस्तूंचा ब्रँड असता तर मी शेअर धरला असता, कारण तिथे लोक ‘हे घेऊ या का?’ म्हणून एकमेकांना पाठवतात. लोणच्याच्या रीलचा 9 जूनचा रीच 9,600 आणि सेव्ह 410, म्हणजे शंभरामागे 4.3. हा आकडा एकटा काही सांगत नाही. तो तुमच्याच शेवटच्या दहा-बारा मुरलेल्या रीलच्या शेजारी ठेवायचा. त्यांचे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्या, सरासरी नको. एखादं व्हायरल रील सरासरीला इतकं वर खेचतं की पुढचे तीन महिने प्रत्येक रील नापास होतं. मधला आकडा समजा 1.8 असेल, तर लोणच्याचं रील नेहमीच्या दुपटीहून वर गेलं, हे ठामपणे म्हणता येतं. रीलची तुलना रीलशीच करा, स्लाइडची स्लाइडशी. `Post type` रकान्यात ते लिहिलेलं असतं.

पैसे देऊन बूस्ट केलेली पोस्ट या रांगेत बसवू नका. तिचा रीच विकत घेतलेला असतो, आणि जाहिरातीतून आलेले लोक फॉलोअरसारखं वागत नाहीत. मी शीटमध्ये स्वतःचा एक रकाना ठेवते, बूस्ट केलं की तिथे रक्कम लिहिते आणि ती पोस्ट वेगळी सांगते.

कुठला फरक सांगायचा, कुठला नाही

लहान ब्रँडचे आकडे लहान असतात आणि ते आपोआप वरखाली होतात. शेअर 3 वरून 6 झाले की शंभर टक्के वाढ, असं लिहिता येतं, पण त्याला अर्थ नाही. मी एक साधा हिशेब करते. दोन आठवड्यांच्या आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. फरक त्याहून कमी असेल तर त्याबद्दल बोलू नका. कमेंट 22 वरून 30 झाल्या: बेरीज 52, वर्गमूळ साधारण 7, दुप्पट 14. फरक 8 आहे, म्हणजे बातमी नाही. 800 वरून 1,100: बेरीज 1,900, वर्गमूळ सुमारे 44, दुप्पट 88. फरक 300, म्हणजे बातमी आहे.

हा हिशेब किमान अट म्हणून वापरा. प्रत्येक लाइक स्वतंत्रपणे येतो असं तो धरतो. प्रत्यक्षात एखादीनं रील सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की वीस लाइक एकदम येतात. म्हणून दुसरी तपासणीही करते: सर्वांत मोठी पोस्ट काढून टाकल्यावर काय उरतं? लोणच्याचं रील वगळलं तर या आठवड्याचे 471 आणि मागचे 398. वाढ आहे, पण बेताची. म्हणजे ‘आपलं पेज वाढतंय’ असं नाही, ‘एक रील खूप चाललं आणि बाकीचं किंचित वर आहे’ असं आहे. ताईंनी पुढचं काय करायचं हे या फरकावर ठरतं, तो लपवू नका.

यूट्यूब वेगळ्या ओळीत

यूट्यूब स्टुडिओच्या `Advanced mode` मधून काढलेली फाइल नेमकी उलट वागते. तिथे तुम्ही निवडलेल्या तारखांमध्ये जे घडलं तेच मिळतं, व्हिडिओ कितीही जुना असो. म्हणून वजाबाकी करायची नाही. दोन वर्षांपूर्वीचा गोडा मसाल्याचा व्हिडिओ या आठवड्यात किती वेळा पाहिला गेला हे थेट दिसतं, आणि मसाल्यांच्या बाबतीत जुने व्हिडिओच बहुधा घर चालवतात. डाउनलोड केलेल्या झिपमधली `Table data.csv` घ्या. तिची पहिली ओळ `Total` असते, रकान्याची बेरीज करताना ती वगळली नाही तर सगळं दुप्पट होतं. शेवटचे एक-दोन दिवस आकडे अपुरे असतात, म्हणून मी सोमवारच्या सारांशात यूट्यूबचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार धरते आणि तसं लिहिते. शॉर्ट्सचे व्ह्यूज 31 मार्च 2025 पासून वेगळ्या रीतीनं मोजले जातात, नुसतं सुरू झालं तरी एक. त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशी लावू नका. इन्स्टाग्रामच्या आकड्यात यूट्यूबचा आकडा मिळवून एक मोठी बेरीज करण्याचा मोह होतो. ती कशाचीच बेरीज नसते.

ताईंना काय जातं

शीट तुमच्याकडे राहते. ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर एका स्क्रीनमध्ये मावेल इतकंच जातं. वरच्या उदाहरणाचा संदेश मी असा लिहीन:

> ताई, सोमवार 2 ते रविवार 8 जून.
>
> लोकांनी आपल्या पोस्टवर 1,100 वेळा लाइक, कमेंट, सेव्ह किंवा शेअर केलं. त्याआधीच्या आठवड्यात 800.
>
> वाढ मुख्यतः 28 मेच्या लोणच्याच्या रीलची. ते सोडलं तर 398 वरून 471, थोडंसं वर.
>
> ते रील शंभर जणांनी पाहिलं तर चौघांनी जपून ठेवलं. आपल्या रीलना एरवी दोघं ठेवतात.
>
> कमेंटमध्ये नऊ जणींचा एकच प्रश्न: एक किलो कैरीला मसाला किती?
>
> व्हॉट्सअ‍ॅपवर लोणचं मसाल्याची विचारणा 31. त्यातल्या 12 जणींनी रील पाहिल्याचं सांगितलं.
>
> सुचवते: कैरी बाजारात आहे तोवर, गुरुवारी प्रमाणाचं छोटं रील करू या.
>
> या आठवड्यातल्या तीन पोस्टबद्दल पुढच्या सोमवारी सांगते, अजून मुरायच्या आहेत.

विचारणांचा आकडा कुठल्याही एक्स्पोर्टमध्ये येत नाही. इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भाव काय?’ म्हणून जे येतं, ते ताईंनाच मोजावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये एक लेबल करून द्या आणि ‘कुठे पाहिलंत?’ एवढं विचारायला सांगा. रील आणि ऑर्डरी एकाच आठवड्यात वाढल्या म्हणजे रीलमुळे ऑर्डरी आल्या, असं मी कधी लिहीत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आत, लोणचं मसाला रीलशिवायही खपतो. पण बारा जणींनी स्वतः रीलचं नाव घेतलं, हे लिहिता येतं आणि ते ताईंना कळतं.

आत्ता तुमच्याकडे मागच्या सोमवारांच्या फाइली असतील, तर त्या टाकू नका. तुम्ही दर वेळी दोन आठवड्यांच्या फाइली काढल्या आहेत, आणि त्या न बदलता ठेवल्या असतील तर त्यातून मागच्या काही आठवड्यांची वजाबाकी आजही करता येईल. चौदा दिवसांपेक्षा जुन्या पोस्टवर नंतर काय आलं तेवढं सुटेल. ते सगळ्याच आठवड्यांत सारखं सुटत असल्यामुळे तुलना चालते. तशी दुरुस्त तुलना निघाली की ताईंना आधी ती पाठवा, गेल्या महिन्यात कुठल्या आठवड्यांना चुकून ‘घसरण’ म्हटलं गेलं ते नावानिशी सांगून. मूळ फाइली नसतील तर या सोमवारी पहिली फाइल काढा. त्या दिवशीच्या सारांशात तुलना नसेल. पुढच्या सोमवारी पहिला खरा साप्ताहिक आकडा येईल आणि त्याच्या पुढच्या सोमवारी पहिली तुलना.